ग्राहकांचे अभिप्राय निवडताना सगळ्यात मोठं नाव का नको

प्रश्न: आमची छोटी कंपनी आहे. वेबसाइट आणि माहितीपत्रकासाठी ग्राहकांचे अभिप्राय आणि दोन-तीन केस स्टडी करायच्या आहेत. चांगलं बोलणारे ग्राहक भरपूर आहेत, त्यातले कोणते निवडावेत? सगळ्यात नावाजलेला ग्राहक पुढे करावा का? व्हिडिओ करावा की लेखी?

नावाजलेला ग्राहक पुढे करू नका. या एका मुद्द्यावर मी एका ठिबक कंपनीत विक्रीप्रमुखांशी महिनोन् महिने भांडले आहे.

आमचा माल म्हणजे उघडून साफ करता येणारा ड्रीपर, म्हणजे ठिबकच्या नळीवरचं थेंब थेंब पाणी सोडणारं तोंड. सांगोला-आटपाडी पट्ट्यातल्या डाळिंबवाल्यांना याची गरज लगेच कळते. तिकडे बोअरचं पाणी जड, क्षारांचं. पाणी ड्रीपरच्या तोंडाशी सुकतं, पांढरा थर साचतो आणि थेंब कमी होत होत बंद पडतो. आच्छादनाखाली ड्रीपर बंद पडलाय हे झाड सुकायला लागेपर्यंत दिसत नाही. आणि डाळिंबाला पाण्यातला चढउतार सोसत नाही. काही दिवस ताण पडून मग एकदम भरपूर पाणी मिळालं की फळ तडकतं, आणि तडकलेल्या फळाला बाजारात कुणी विचारत नाही.

बाजारातल्या बहुतेक कंपन्या सांगत होत्या, “आमचा ड्रीपर चोक होत नाही.” आम्ही ठरवून वेगळी जागा घेतली होती: जड पाण्यात ड्रीपर चोक होणारच, आमचा जागेवर उघडतो, धुतला की पुन्हा चालू. ही झाली आमची पोझिशनिंग. अभिप्राय निवडताना हे वाक्य समोर ठेवायचं आणि एवढंच बघायचं की या माणसाचा अनुभव नेमकं हेच सिद्ध करतो का.

विक्रीप्रमुखांनी आणला नदीकाठचा एक ऊस बागायतदार. एकरी शंभर टनांच्या वर उतारा, पुरस्कार, मेळाव्यात पहिल्या रांगेत खुर्ची. माणूस अभ्यासू होता, कष्टाळू होता, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. पण त्याचं पाणी गोड. त्याच्या शेतात ड्रीपर उघडायची वेळच आली नव्हती. त्याचा उतारा काळी जमीन, निवडलेलं बेणं, सेंद्रिय खत आणि वेळेवर केलेली मशागत यांच्यामुळे होता. ठिबकचा वाटा होता, पण तो कुठल्याही चांगल्या ठिबकचा असता. दुसऱ्या एका कंपनीच्या फ्लेक्सवरही त्याचा फोटो होता. अभिप्राय वाचताना कंपनीचं नाव बोटाने झाका. तोच मजकूर स्पर्धकाच्या नावाखाली तसाच चालत असेल, तर तो तुमच्या कामाचा नाही. शिवाय असा अभिप्राय वाचून माळरानावरचा शेतकरी काय म्हणतो, ते मी डीलरच्या दुकानात स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे: “त्येची जमीनच तसली हाय.” वाचणाऱ्याला ग्राहकात स्वतःची अडचण दिसली नाही, तर तो माहितीपत्रक तिथेच खाली ठेवतो.

मी निवडले ते सांगोल्याकडचे एक काका. जमीन थोडी, डाळिंबाची एकच बाग, बोअर खोल. आधी साधी ठिबक होती; ड्रीपर बंद पडले म्हणून एका बहारात नळ्याच बदलाव्या लागल्या होत्या. “आमची ठिबक कशी वाटली?” असं मी त्यांना विचारलंच नाही. त्या प्रश्नाला प्रत्येक जण “चांगली हाय” म्हणतो. मी विचारलं, घ्यायच्या आधी भीती कशाची वाटत होती? दुसरी कुठली घेणार होता, आणि का नाही घेतली? पहिल्यांदा बिघडली तेव्हा काय केलंत, कुणाला फोन केलात? काका म्हणाले, “चोक व्हतो की. पाणीच तसलं हाय. पण खोलतो, धुतो, लावतो. अ‍ॅसिड सोडायचं मात्र चुकवत न्हाई. चुकवलं की आठवड्यात थेंब कमी.”

विक्रीप्रमुखांचं म्हणणं, “ग्राहकच ‘चोक होतो’ म्हणतोय, ही आपली बदनामी आहे. हे काढा.” एजन्सीनं तर काकांच्या तोंडी “अत्याधुनिक तंत्रज्ञानामुळे माझ्या उत्पन्नात लक्षणीय वाढ झाली” असं वाक्य घातलं. सांगोल्यातला कुठला शेतकरी असं बोलतो? माझं म्हणणं आजही तेच आहे: “चोक व्हतो की” हेच त्या अभिप्रायातलं सगळ्यात किमती वाक्य होतं. ते काढलं की पुढच्या “खोलतो, धुतो” ला अर्थच उरत नाही, आणि आम्हीही “चोक होत नाही” म्हणणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. अ‍ॅसिडचं वाक्यही मी ठेवायला लावलं. क्षार विरघळवायला पाण्यातून ठरावीक मात्रेत अ‍ॅसिड सोडून नंतर नळ्या फ्लश कराव्याच लागतात. हे आधी न कळता माल घेतलेला ग्राहक पुढच्या वर्षी तक्रार घेऊन येतो.

केस स्टडीसाठी उत्पन्नाचा आकडा आम्ही घेतलाच नाही. उत्पन्न भाव, पाऊस, रोग अशा कितीतरी गोष्टींवर ठरतं, ठिबकच्या नावावर ते मांडता येत नाही. मोजता आलं ते मोजलं. लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या नळीच्या, पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली मापाचं भांडं धरलं. ताशी चार लिटरच्या ड्रीपरमधून तीन मिनिटांत 200 मिली पाणी यायला हवं. शेवटच्या ड्रीपरमधून निम्मंच आलं. काकांनी तो उघडला, धुतला, परत लावला. पुन्हा मोजलं तेव्हा भांडं जवळजवळ खुणेपर्यंत भरलं. आमची अख्खी केस स्टडी एवढ्या प्रसंगावर उभी होती.

परिणाम ओळखायचा कसा? नुसते फोन मोजू नका, फोनवर काय विचारतात ते ऐका. आमच्याकडे ऊसवाल्यांच्या चौकश्या कमी झाल्या, हे खरं आहे आणि ते मला अनेकदा ऐकवलं गेलं. पण डाळिंबवाले दुकानात येऊन नळीचा दर विचारण्याआधी पाण्याचा रिपोर्ट काढून दाखवू लागले आणि “तो उघडणारा ड्रीपर” असं मागू लागले. ज्या कामासाठी माल बनवला, त्याच कामाचा माणूस दारात यायला लागला.

विक्रीप्रमुखांची एक बाजू मान्य करायला हवी. कंपनी अगदी नवी असेल, डीलर उभंच करत नसतील, तर मोठं नाव दार उघडायला उपयोगी पडतं. ते डीलरच्या बैठकीत वापरा, ग्राहकासमोर नको. आणि त्या ऊस बागायतदाराला संपूर्ण संच फुकट द्यायचं ठरत होतं, तसं काही तुम्ही करणार असाल तर जाहिरातीत स्पष्ट सांगा. फसव्या जाहिराती आणि शिफारशींबाबत केंद्राची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: अभिप्राय खरा आणि अलीकडचा हवा, आणि वाचणाऱ्याला अपेक्षित नसलेला देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो उघड करायला हवा. फोटो आणि नाव वापरायची परवानगी लेखी घ्या, आणि अंतिम मजकूर त्या माणसाला वाचून दाखवा. काकांनी ऐकून एक शब्द बदलायला लावला होता, आम्ही बदलला.

व्हिडिओ की लेखी? हाताने करून दाखवण्यासारखं काही असेल तर व्हिडिओ, नाहीतर लेखी पुरे. किती अभिप्राय हवेत ते तुमच्या ग्राहकाच्या शंकांवर ठरवा: एका शंकेला एक माणूस. “बिघडल्यावर कोण येणार?” या शंकेसाठी आम्हाला दुसरा शेतकरी शोधावा लागला, कारण काकांनी आमच्या मेकॅनिकला कधी बोलावलंच नव्हतं.