चेहऱ्यासमोर हात किंवा माइक आला की बसवलेला चेहरा का उघडा पडतो

प्रश्न : «लघुपटातला आमचा नट आजारी पडला, म्हणून उरलेले शॉट बदली कलाकारावर घेतले आणि नटाच्या लेखी परवानगीने त्याचा चेहरा बसवतोय, डीपफेसलॅबमध्ये. चेहरा मोकळा असेपर्यंत झकास. हातातला माइक तोंडासमोर आला की चेहरा माइकवर चढतो आणि थरथरतो. कपाळावरच्या बटांचं तर विचारूच नका. मास्कचा ब्लर वाढवून बघितला, उपयोग नाही. – नागपूर»

उत्तर :

ब्लर आधी परत खाली आणा. मीही याच खड्ड्यातून आलोय, म्हणून सांगतो. चढणं आणि थरथरणं हे दोन वेगळे आजार आहेत, एका गोळीने दोन्ही जाणार नाहीत.

थरथर मास्कची नसते. हात आला की त्याखालचे ओठ-हनुवटीचे बिंदू प्रोग्रॅम अंदाजाने ठेवतो, आणि तो अंदाज दर फ्रेमला बदलतो. ओळखायचं कसं? हात फक्त हनुवटीवर असताना भुवयाही हलत असतील, तर बिंदूच चुकले आहेत. तेवढ्या फ्रेम्स मॅन्युअल एक्स्ट्रॅक्शनने पुन्हा काढा. झाकलेला ओठ कुठे असेल ते आधीच्या आणि नंतरच्या मोकळ्या फ्रेमवरून ठरवा. कंटाळवाणं काम आहे, पण आधी हेच. बिंदू हलले की मास्कही त्यांच्यासोबत हलतो.

आता चढणं. एक्ससेगमध्ये चेहऱ्याभोवती एक आकार आणि माइक-बोटांभोवती वगळायचा दुसरा आकार काढायचा, एवढं तुम्हाला माहीत असेलच. फ्रेम्स निवडताना मात्र हात शिरताना, मधोमध आणि बाहेर जाताना अशा तिन्ही वेळच्या घ्या. बोटांच्या फटीतून गाल दिसतो अशी एखादी तरी हवीच. ट्रेनिंग झाल्यावर मास्क `apply` करायला विसरलात तर मर्जमध्ये काहीही बदलत नाही आणि माणूस उगाच आणखी फ्रेम्स रंगवत बसतो. नटाच्या मूळ फोटोंतही कुठे माइक असेल तर तिथेही वगळा, नाहीतर मॉडेल हनुवटीवर काळा डाग शिकतं.

तरीही कड खटकेल, कारण हलणाऱ्या हाताला कडच नसते. 25 फ्रेमला 1/50 शटर असेल तर त्या वेळात हात सरकतो, आणि त्या पट्ट्यात हात आणि बदली कलाकाराचा गाल मिसळलेले असतात. म्हणून सगळ्या मास्कला एकसारखा ब्लर देऊ नका. मर्जमधून चेहरा आणि मास्क वेगळे काढून कंपोझिटिंगला न्या. हात ज्या दिशेने धावतोय तिथली कड तितकीच रुंद मऊ करा, स्थिर मनगटाकडची कड घट्ट ठेवा. माइकचा आकार बदलत नाही, तेव्हा एकदाच आकार काढून ट्रॅक करा. दर फ्रेमला नव्याने काढाल तर तो उकळत्या पाण्यासारखा दिसेल. माइकची गालावरची सावली मास्कमधून वगळू नका. नव्या चेहऱ्यावर ती पुसट आली असेल तर मल्टिप्लाय लेयरने गडद करा.

बटांना रोटो करू नका, वेळेची नासाडी. काळी बट आणि उजळ कपाळ असेल तर मूळ शॉटच्या उजेड-अंधारावरून मॅट काढा आणि केस नव्या चेहऱ्यावर परत ठेवा. सावलीतल्या किंवा दाढीच्या गालावर हे चालत नाही.

आता माझं दुखणं. गावातल्या एका एडिटिंगवाल्यांनी मला 25 चं फूटेज परस्पर 30 करून दिलं, तेही फ्रेम्स मिसळून. हलत्या शॉटमध्ये एकाच फ्रेममध्ये दोन पुसट हात! अशा हातावर कुठलाच मास्क बरोबर बसत नाही, कारण बरोबर असं काही नसतंच. कच्ची फाइल मागितली तर «काहून पाहिजे तुले, हेच तर आहे» आणि मग «ड्राइव्ह साफ केली». माझे कित्येक आठवडे मास्क सुधारण्यात गेले, दोष मास्कचा नव्हताच. तेव्हापासून फाइल हाती आली की पहिलं हे:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,bit_rate -of default=nw=1 shot.mp4
```

आकडा कॅमेऱ्याच्या सेटिंगशी जुळत नसेल तर काम सुरूच करू नका. जुळला तरी हात धावतानाच्या फ्रेम्स एकेक करून पाहा, दुहेरी बोटं दिसली की मूळ फाइल मागा.

मी स्टुडिओवाला नाही, हे माझ्या दोन-चार कामांवरून सांगतोय. जाता जाता, आपल्या मे महिन्यात ट्रेनिंग रात्रीच लावा, दुपारी ग्राफिक्स कार्ड तापून आपोआप मंदावतं. आणि हाताने जवळजवळ सगळा चेहरा सेकंदभर झाकला असेल, तर तो भाग बदलण्याची धडपड नको. तेवढ्या फ्रेम्स मूळच ठेवा, आणि हात निघू लागला की पुढच्या दोन-तीन फ्रेम्समध्ये नवा चेहरा हळूच आणा.