गीझरच्या टाकीला सात वर्षं होती, आणि बिल कोरं निघालं

प्रश्न: घरात फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, गीझर, आरओ असं बरंच काही आहे. कशाची वॉरंटी कधी संपते, सर्व्हिस कधी करायची, मॅन्युअल कुठे ठेवलंय, काहीच लक्षात राहत नाही. याची नोंदवही कशी ठेवावी? वही बरी की एक्सेल?

मीही आधी एक शीट केली होती: वस्तू, खरेदीची तारीख, वॉरंटी संपण्याची तारीख. दिसायला छान, पण गरज पडली तेव्हा ती उपयोगी पडली नाही.

आमचा गीझर १२ नोव्हेंबर २०१९ चा. शीटमध्ये मी 'वॉरंटी २ वर्षं' असं टाकून मोकळा झालो होतो. २०२४ च्या पावसाळ्यात तो खालून ठिबकायला लागला. शीट बघितली, मुदत संपून जमाना झाला होता, म्हणून नवा घ्यायच्या तयारीत होतो. आलेला मेकॅनिक म्हणाला, "साहेब, दोन वर्षं पूर्ण गीझरला होती. टाकीला सात आहेत. बिल दाखवा." बिल काढलं तर नुसता पांढरा कागद! बिल थर्मल कागदावर छापलेलं होतं आणि त्यावरची अक्षरं उडून गेली होती. दुकानदाराकडे आमच्या मोबाइल नंबरवर जुनी नोंद सापडली, त्याने दुसरी प्रत काढून दिली, म्हणून टाकी बदलून मिळाली.

तेव्हापासून मी एका वस्तूला एक ओळ देत नाही. जितक्या मुदती, तितक्या ओळी. गीझरच्या तीन आहेत: पूर्ण वस्तू, हीटिंग एलिमेंट आणि टाकी. फ्रिज आणि एसीला कॉम्प्रेसरची मुदत वेगळी आणि लांब असते, वॉशिंग मशीनला मोटरची. जाहिरातीत जो '१० वर्षं' आकडा मोठ्या अक्षरात असतो, तो बहुतेक वेळा याच एका भागाचा असतो. त्यामुळे प्रत्येक ओळीपुढे 'काय मिळणार नाही' असा एक रकाना ठेवा. कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी गॅस भरणं, मजुरी, येण्याचे पैसे आणि ने-आण बऱ्याचदा आपल्याच खिशातून जातात. हे कार्डाच्या मागे बारीक अक्षरात असतं. वस्तू घरी येईल त्या दिवशी एकदा वाचून चार शब्दांत लिहून टाका, नंतर कोणी वाचत नाही.

मुदत बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजतात. फेब्रुवारीच्या सेलमध्ये घेतलेला एसी एप्रिलमध्ये बसवला, तर दोन महिने तसेच गेले असं समजायचं. भाग बदलून मिळाला म्हणून मुदत नव्याने सुरू होते असंही सहसा नसतं. आमच्या नव्या टाकीसमोर म्हणूनच '११ नोव्हेंबर २०२६, जुनीच मुदत' असं लिहिलंय.

शीट करणार असाल तर खरेदीची तारीख B मध्ये आणि मुदत महिन्यांत C मध्ये टाका. शेवटची तारीख अशी निघते:

```
=EDATE(B2,C2)-1
```

टाकीसाठी C मध्ये ८४, एलिमेंट आणि बाकीच्यासाठी कार्डावर असेल तो आकडा. उत्तरात तारखेऐवजी नुसता आकडा दिसला तर त्या खान्याला तारखेचं फॉरमॅट द्या. इथे एक खड्डा आहे. गूगल शीट अमेरिकन पद्धतीवर असेल तर 12/11/2019 हे ती ११ डिसेंबर वाचते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. 25/11/2019 लिहिलंत तर ती तारीखच मानत नाही आणि सूत्र एरर देतं. म्हणून आधी File, मग Settings मध्ये जाऊन Locale ला India निवडा.

सर्व्हिसच्या रकान्यात पुढची तारीख लिहू नका, मागची लिहा. 'मार्चमध्ये एसी' असं लिहिलेलं दरवर्षी मार्चमध्ये तसंच राहतं. 'शेवटची ओली सर्व्हिस ६ मार्च' लिहिलं की केली का नाही याचा वाद उरत नाही. शिवाय सगळ्याच वस्तू कॅलेंडरवर चालत नाहीत. आरओचंच घ्या. नवीन मेम्ब्रेन बसवतात त्या दिवशी नळाचं पाणी आणि आरओचं पाणी, दोन्हींचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मोजून वहीत लिहायचा. समजा ६०० आणि ५० आला. पुढे नळाचा तेवढाच असताना आरओचा १५० वर गेला, तर मेम्ब्रेन दमलंय. आकडा तिथेच असेल आणि फक्त पाण्याची धार बारीक झाली असेल, तर आधी सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर बघायला सांगा. पहिल्या दिवशीचा आकडा लिहिलेला नसेल तर मेकॅनिक म्हणेल ते खरं मानावं लागतं. मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो.

बोअरच्या जड पाण्यावर गीझर असेल तर त्याच्याही पुढे एक नोंद हवी: अ‍ॅनोड रॉड. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी गंजण्याऐवजी ती आधी झिजते. वर्षा-दोन वर्षांनी ती काढून बघावी लागते. तारेसारखी बारीक झाली की बदलायची. काही कंपन्यांच्या कार्डावर टाकीच्या मुदतीसाठी ही अट असते, तेव्हा बदलल्याची पावतीसुद्धा जपा. पाणी तापताना किटलीसारखा आवाज येऊ लागला किंवा नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर आत क्षार साचलेत.

वही की एक्सेल? माझं मत, दोन्ही थोडं थोडं. तारखा शीटमध्ये, कागद एका फाइलमध्ये. फाइलच्या प्रत्येक प्लास्टिक खिशाला नंबर द्या आणि शीटमध्ये फक्त 'खिसा ४' लिहा. बिल, कार्ड, मॅन्युअल सगळं त्याच खिशात. जाडजूड मॅन्युअल मावत नसेल तर रद्दीत गेलं तरी चालतं, मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर पीडीएफ सहसा सापडतं. बिलाचं मात्र तसं नाही. थर्मल बिल आलं त्याच दिवशी फोटो काढा आणि साध्या कागदावर झेरॉक्स करा. लॅमिनेशनच्या नादी लागू नका, उष्णतेने तो कागद काळा पडतो.

वास्तुशांतीला मिळालेल्या मिक्सरचं बिल आपल्याकडे नसतं. देणाऱ्याकडून लगेच फोटो मागवायला संकोच वाटतो, पण मागवा. बिल नसेल तर काही कंपन्या सीरियल नंबरवरून उत्पादनाचा महिना काढून तिथपासून मुदत मोजतात.

सीरियल नंबरचा फोटो तर सगळ्यात आधी काढा. तक्रार नोंदवताना फोनवर तो विचारतातच, आणि तेव्हा फ्रिजमधल्या भाज्या बाजूला करून आतल्या भिंतीवरचं स्टिकर वाचत बसावं लागतं. एसीच्या आतल्या आणि बाहेरच्या युनिटचे नंबर वेगवेगळे असतात. बाहेरचं युनिट ग्रिलच्या पलीकडे लटकलेलं असेल, तर बसवणारा माणूस खाली ठेवून नटबोल्ट काढत असतो ना, तेवढ्यातच फोटो घ्या.