रेसिपी पेजला सुट्टी: पोस्टमध्ये काय लिहायचं, काय नाही

प्रश्न: इन्स्टाग्रामवर माझं मराठी रेसिपींचं पेज आहे, ३८ हजार फॉलोअर्स. दिवाळीनंतर, १६ नोव्हेंबरपासून साधारण चार आठवडे काही टाकणार नाही. कारण घरचं आहे, वाईट काही नाही, पण जाहीर सांगायचं नाहीये. मागे आठवडाभर गप्प होते तर "ताई, बरी आहेस ना?" असे ढीगभर मेसेज आले. काय लिहू म्हणजे लोक टिकतील आणि भलतंसलतं समजणार नाहीत?

उत्तर:

मजकुराच्या आधी चित्राचं बघा, कारण घोळ तिथेच होतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, वर हात जोडलेली खूण, किंवा तुमचा एकटीचा शांत चेहऱ्याचा फोटो आणि खाली चार ओळी: आपल्याकडे असं काही दिसलं की अंगठा थांबतो आणि मनात पहिलं "भावपूर्ण श्रद्धांजली" येतं. मी तीन-चार मराठी क्रिएटर्सची पेजेस सांभाळते. ओळखीतल्या एका रांगोळीवालीने संध्याकाळी अशीच काळी पाटी टाकली. "काही दिवस भेट होणार नाही, काळजी घ्या" एवढाच मजकूर. पाटी टाकून ती गाडीत बसली आणि घाटात रेंज गेली. रात्री फोन सुरू झाला तेव्हा पोस्टखाली "कोण गेलं?", "ॐ शांती" सुरू झालं होतं आणि कुणीतरी स्क्रीनशॉट गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्यामुळे मामाचा फोन येऊन गेला होता. ती निघाली होती मैत्रिणींबरोबर कोकणात.

म्हणून पाटी नकोच, रील करा. तुमचा नेहमीचा ओटा, नेहमीचा उजेड, हातात झारा किंवा पोळपाट-लाटणं, आणि वीस-पंचवीस सेकंदांत तुमच्या नेहमीच्या आवाजात निरोप. तब्येत ठीक आहे हे शब्दांत सांगण्यापेक्षा तुम्ही बोलताना दिसलात की लोकांना आपोआप कळतं. पार्श्वसंगीत घालायचंच तर रोजचंच असू दे. हळवी बासरी लावलीत तर बोललेलं सगळं पाण्यात.

आता मजकूर. बहुतेक जण मनात येईल त्या क्रमाने लिहितात, म्हणजे साधारण असं:

"नमस्कार मंडळी, आजवर तुम्ही जे भरभरून प्रेम दिलंत त्याबद्दल मनापासून आभार. काही अपरिहार्य कारणास्तव थोडे दिवस आपली भेट होणार नाही. तुमची साथ अशीच राहू द्या. लवकरच भेटू."

यात खोटं काहीच नाही, तरी वाचणाऱ्याला धस्स होतं. आभाराने सुरुवात झाली की ते निरोपसमारंभाचं भाषण वाटतं. "अपरिहार्य कारणास्तव" आपण रद्द झालेल्या कार्यक्रमाच्या फलकावर वाचलेलं असतं, त्यामुळे कारण मोठं असणार असा तर्क लगेच निघतो. "थोडे दिवस" आणि "लवकरच" यांतून कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असं काही मिळत नाही. शिवाय इन्स्टाग्राम कॅप्शनची जेमतेम पहिली ओळ-दीड ओळ दाखवतं, बाकीचं more च्या मागे जातं. त्या ओळीत तुम्ही आभार मानत बसलात तर कामाचं वाक्य बहुतेकांच्या नजरेलाच पडणार नाही.

त्यामुळे पहिल्याच ओळीत तीन गोष्टी बसवा: कधीपासून, कधीपर्यंत, आणि सगळं ठीक आहे. तुमच्या बाबतीत मी असं लिहीन:

"१६ नोव्हेंबर ते २० डिसेंबर पेजला सुट्टी. सगळं छान आहे, घरची कामं आहेत. २० तारखेला, रविवारी मटार करंजी घेऊन येते. मधे मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, त्यांच्या नैवेद्याच्या रेसिपी वर हायलाइटमध्ये एकत्र ठेवल्यात. चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याची रीलही तिथेच आहे. या दिवसांत मेसेज बघणार नाही, म्हणून उत्तर आलं नाही तर रागावू नका. काय काय करून बघितलंत ते कमेंटमध्ये लिहून ठेवा, आल्यावर सगळं वाचते."

तारखा आकड्यांतच का, तर इन्स्टाग्राम पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवत नाही. तुम्ही "उद्यापासून महिनाभर" असं लिहाल आणि कुणाला ती रील नऊ दिवसांनी समोर येईल. त्या बाईंचा उद्या वेगळा असतो, मग त्या हिशोब चुकवतात आणि तुम्ही बोलल्याप्रमाणे आला नाहीत असं धरून चालतात.

कारणाबद्दल "घरची कामं आहेत" एवढं पुरे. अर्धवट कारण मात्र देऊ नका. "सध्या थोडा कठीण काळ आहे" किंवा "नंतर सविस्तर सांगेन" असं लिहिलंत की प्रश्न तुम्हीच निमंत्रण देऊन बोलावलेत असं समजा. आणि नंतर खरंच सविस्तर सांगावं लागतं, ज्याची तुमची इच्छा नाही.

परतीची तारीख ठरवताना हात सैल सोडा. तुम्ही चार आठवडे म्हणताय, म्हणजे १४ डिसेंबरच्या आसपास तुम्ही मोकळ्या व्हाल. मी मुद्दाम २० धरली आहे. घरची कामं लांबतात, आणि मोकळं झाल्यावर शूटिंग-एडिटिंगला दोन-तीन दिवस हवेतच. त्याहून बरं म्हणजे मटार करंजीची रील जायच्या आधीच शूट करून ठेवा. दिवाळीच्या सुमारास मटार महाग असतो, पाव किलोत भागवा, पण रील हातात असू दे. ती इन्स्टाग्रामवर आधीच शेड्यूल करता येते, ७५ दिवस पुढपर्यंत, म्हणजे तुमच्या पाच आठवड्यांना भरपूर झालं. परतीचा दिवस मग तुमच्या सवडीवर अवलंबून राहत नाही.

एक बारकी गोष्ट लोक विसरतात. एकदा टाकलेल्या रीलमधला आवाज आणि दृश्य बदलता येत नाही, कॅप्शन आणि कव्हर मात्र नंतरही बदलता येतं. म्हणून रीलमध्ये बोलताना "डिसेंबरात भेटू" एवढंच म्हणा आणि २० तारीख कव्हरवर व कॅप्शनमध्ये लिहा. पुढे तारीख सरकलीच तर दोन मिनिटांत दोन्हीकडे बदल होतो. हा बदल जुनी तारीख उलटायच्या आधी करायचा. २० ला लोक वाट बघतील आणि २३ ला तुम्ही "सॉरी, उशीर होतोय" म्हणाल, तर त्या तीन दिवसांत "काहीतरी झालंय" हे पक्कं झालेलं असतं. अशा वेळी आधीच्या न सांगितलेल्या गैरहजेरीपेक्षा सांगून न येणं लोकांना जास्त खटकतं, हे मी दोन पेजेसवर बघितलंय.

रील टाकून झाली की ती प्रोफाइलवर पहिल्या जागी पिन करा. पिन तीनच पोस्ट होतात, जागा नसेल तर एक जुनी काढा. ज्याला काळजी वाटते तो माणूस फीडमध्ये शोधत बसत नाही, थेट तुमच्या प्रोफाइलवर येतो आणि वरची ओळ बघतो. तिथे उत्तर असलं की मेसेज करायची गरजच उरत नाही. त्याच कारणासाठी बायोमध्येही "सुट्टी: २० डिसेंबरपर्यंत" एवढं टाका. बायोला दीडशे अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे तेवढ्यापुरता मसाल्यांच्या ऑर्डरचा वगैरे मजकूर काढावा लागेल. स्टोरी टाका, पण तिच्यावर विसंबू नका. ती चोवीस तासांत जाते, आणि नेमकी तुमची जुनी, अधूनमधून येणारी माणसं तिच्यात सापडत नाहीत.

रील १६ तारखेच्या सकाळी टाकून पळू नका. १४ ला टाका आणि दोन दिवस कमेंटपाशी थांबा. "काय झालं गं ताई?" असं पहिल्या तासात कुणीतरी विचारणारच. तिला तिथल्या तिथे "काही नाही गं, मजेत आहे, २० ला भेटू" असं उत्तर द्या आणि ती कमेंट पिन करून ठेवा. पुढच्यांना तेच वाचायला मिळतं. उत्तर न देता सोडलेला असा एक प्रश्न असला की खाली त्याच सुराच्या वीस कमेंट्स जमा होतात, कारण लोक आधीच्या कमेंटचा सूर उचलतात. त्यातच, पेज सुट्टीवर आहे हे कळल्यावर तुमचा फोटो लावून नवं खातं उघडणारे आणि "ताईकडून भेट, पत्ता आणि नंबर पाठवा" असे मेसेज करणारे भामटे असतात. "माझं दुसरं खातं नाही" हे वाक्य पिन केलेल्या कमेंटखालच्या त्याच उत्तरात जोडून टाका.

लोक टिकण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पाच आठवडे काही दिसलं नाही म्हणून उठून अनफॉलो करायला कुणी जात नाही, कारण जे समोर नाही त्याची आठवणच होत नाही. थोडेफार जातात ते सुट्टीची पोस्ट टाकल्यावर, कारण तेव्हा त्यांना आठवतं की आपण हे पेज बघतच नाही. ते जाऊ द्या. "प्लीज अनफॉलो करू नका" हे वाक्य मात्र टाळा, त्याने ज्यांच्या मनात नव्हतं त्यांनाही सुचतं. राहणाऱ्यांना हवा असतो मधल्या दिवसांतला उपयोग, आणि तो वरच्या मजकुरात मार्गशीर्षाच्या हायलाइटने भागवला आहे. त्या हायलाइटमधल्या रेसिपी जायच्या आधी एकदा उघडून बघा, जुन्या स्टोरीतल्या लिंक बंद पडलेल्या असतात.

जोडीला यूट्यूब चॅनल असेल तर तिथे तीच गोष्ट पोस्ट म्हणून टाका, व्हिडिओची गरज नाही. सुट्टीने कमाई बंद होईल या भीतीने कुणी घाईघाईत काहीतरी अपलोड करतं, ते करू नका. यूट्यूबच्या नियमात सहा महिने किंवा जास्त काळ व्हिडिओ किंवा पोस्ट काहीच आलं नाही तर कमाई बंद करण्याचा अधिकार त्यांनी राखून ठेवलाय. पाच आठवड्यांचा त्याच्याशी संबंध नाही. कुठल्या ब्रँडचं काम हातात असेल तर मात्र त्यांना रीलच्या आधी स्वतंत्र मेल करा, जाहीर पोस्टवरून कळलं तर ते बिथरतात.

आणि २० ला आल्यावर "इतके दिवस नव्हते, माफ करा, खूप काही घडलं" असं लांबण लावू नका. रील सरळ मटार करंजीच्या सारणापासून सुरू होऊ दे, फार तर "आले बरं का" एवढं म्हणा. त्याच दिवशी सुट्टीची रील अनपिन करा आणि बायोतली ओळ काढा. ती राहिली तर जानेवारीत नवीन येणाऱ्याला पेज अजून बंदच आहे असं वाटतं.