रविवारी उशिरा उठलं की डोकं का ठणकतं, आणि मी काय बदललं

प्रश्न: सोमवार ते शनिवार रात्री 12:30 ला झोपतो, सकाळी 6:30 ला उठतो, डोकं अजिबात दुखत नाही. शनिवारी रात्री मात्र 2:30 वाजतात, रविवारी 11 ला उठतो आणि दुपारपर्यंत डोक्याची एक बाजू ठणकायला लागते, मळमळतं पण. झोप तर जास्तच झालेली असते, मग असं का? आणि आठवड्याची झोप भरून काढायची तरी कधी?

उत्तर:

मी डॉक्टर नाही, पण कॉलेजपासून मायग्रेन आहे आणि माझंही दुखणं बरीच वर्षं रविवारचंच होतं, त्यामुळे न्यूरोलॉजिस्टकडून आणि वाचून जे समजलं आणि स्वतःवर करून पाहिलं ते सगळं सांगते. तुम्ही वेळा नीट लिहिल्यात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या वेळांमध्येच आहे.

आधी एक गोष्ट. रविवारी तुम्ही 2:30 ते 11 म्हणजे साडेआठ तास झोपता. मोठ्या माणसाला रोज किमान 7 तास झोप हवी असं सगळीकडे सांगतात, म्हणजे साडेआठ तास काही अति नाहीत, उलट तुमची आठवड्यातली तेवढी एकच रात्र पुरेशी झोपेची असते. म्हणून "जास्त झोपल्याने डोकं दुखतं" असं मनात धरू नका, नाहीतर अजून कमी झोपायला लागाल. झोपेचे तास वाढले त्यापेक्षा झोप घड्याळावर पुढे सरकली, खरी भानगड तिथे आहे. रोज 12:30 ते 6:30, म्हणजे झोपेचा मध्य पहाटे 3:30 ला येतो. रविवारी तोच मध्य सकाळी 6:45 ला जातो. सव्वातीन तासांचा फरक झाला. म्युनिकचे टिल रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याला सोशल जेटलॅग असं नाव दिलं आणि ते बरोबर बसतं, कारण उन्हाळ्यात मुंबई आणि जर्मनीच्या वेळेत साडेतीन तासांचाच फरक असतो, म्हणजे तुमचं शरीर शनिवारी रात्री जवळजवळ जर्मनीच्या वेळेवर जातं आणि सोमवारी सकाळी परत येतं, आणि हे दर आठवड्याला. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग झोप-जाग, भूक, शरीराचं तापमान हे सगळं वेळेवर ठेवतो त्याचा मायग्रेनशीही संबंध आहे, आणि मायग्रेनवाल्याचा मेंदू रोजच्या वेळा बदललेल्या सहन करत नाही. एका बाजूला ठणकणं आणि मळमळ हे वर्णन मायग्रेनकडेच जातं, पण ते पक्कं डॉक्टरांनी ठरवायचं.

आता दुसरा हिशोब करा, जो बहुतेक लोक करतच नाहीत. तुम्ही लिहिलं नाहीये पण समजा शनिवारी ऑफिसमधला शेवटचा चहा 5 वाजता झाला. रोज सकाळी 7 ला पहिला चहा होतो, म्हणजे मध्ये 14 तास जातात आणि तेवढी शरीराला सवय असते. रविवारी चहा सव्वाअकराला, म्हणजे सव्वाअठरा तास झाले. रोज चहा-कॉफी पिणाऱ्याचं कॅफिन बंद झालं की डोकेदुखी साधारण 12 ते 24 तासांत सुरू होते, आणि त्यासाठी फार पिणारा असावं लागत नाही, दिवसाला दोन-तीन कप चहा घेणाऱ्यालाही होऊ शकते. जेवणाचंही तेच, शनिवारी 9:30 ला जेवलात आणि रविवारी उशीर झाला म्हणून नाश्ता न करता दीडला थेट जेवलात तर 16 तास पोटात चहाशिवाय काही नाही. त्यात आठवड्याचं टेन्शन एकदम उतरतं, आणि ताण उतरल्यावर येणारं मायग्रेन ही पण ओळखीची गोष्ट आहे. म्हणजे एकाच सकाळी तीन-चार कारणं एकावर एक येऊन बसतात, म्हणून तर दुखणं बरोबर रविवार धरून येतं.

यातलं चहाचं कारण किती हे ओळखायला सोपं आहे. डोकं जड व्हायला लागल्यावर नेहमीचा एक कप घेतला आणि तासाभरात पूर्ण उतरलं तर मोठा वाटा चहाचा. चहा, खाणं सगळं होऊनही ठणका वाढतच गेला, उजेड-आवाज नकोसा झाला, तर ते मायग्रेन सुरू झालेलं आहे आणि आता नुसत्या चहाने थांबणार नाही.

आता करायचं काय. माझं स्पष्ट मत, झोपायची वेळ पकडायच्या आधी उठायची वेळ पकडा. झोप कधी लागेल ते आपल्या हातात नसतं पण गजर लावून उठणं असतं, आणि सकाळी ज्या वेळेला डोळ्यांवर उजेड पडतो त्यावरून शरीराचं घड्याळ रोज जुळतं. रविवारी एकदम 6:30 ला उठायला जाऊ नका, टिकणार नाही. या रविवारी 9:30, पुढच्या रविवारी 8:30, मग 7:30, आणि तिथेच थांबा. रोजच्या वेळेच्या पुढेमागे एक तास एवढी सूट ठेवली तर चालते, निदान माझं तरी चाललं. उठलात की पडदे उघडा किंवा गॅलरीत पंधरा-वीस मिनिटं बसा, चहा तिथेच घ्या आणि चहाबरोबर काहीतरी खा, पोळी, पोहे, काहीही, नुसता चहा नको. परत लोळायचं असेल तर खुशाल लोळा, पेपर वाचा, पण पुन्हा झोपून जाऊ नका.

मग झोप भरून काढायची कधी, हा तुमचा खरा प्रश्न. ती रोज रात्री थोडी थोडी भरायची, सकाळच्या बाजूने नाही. रोज 6 तास म्हणजे 7 तासांच्या मानाने सहा रात्रींत सहा तास उणे, आणि रविवारी जास्तीचे मिळतात दीड, म्हणजे हिशोब तसाही जुळत नाहीये. आणि रविवारी 11 ला उठलेला माणूस रात्री 11 वाजता फक्त 12 तास जागा असतो, त्याला झोप लागणारच कशी, मग सोमवार अजून कमी झोपेवर सुरू होतो. पण आजपासून 10:30 ला झोपतो असंही ठरवू नका. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास मेंदू उलट चांगला जागा असतो, तेव्हा आडवं झालं तर नुसतं कुशी बदलत पडणं होतं आणि माणूस म्हणतो मला लवकर झोप येतच नाही. तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या, 12:30 चे 12:15, मग 12, असं करत 11:15 पर्यंत. वीसेक दिवस लागतील. 11:15 ते 6:30 म्हणजे सव्वासात तास होतात आणि मग रविवारी शरीर स्वतःच 11 पर्यंत मागत नाही, हा बदल मला सगळ्यात आधी जाणवला.

यात दोन गोष्टी आड येतात. एक संध्याकाळचा उशिराचा चहा, कॅफिनचा अर्धा भाग साधारण पाच तासांनीही रक्तात असतो, त्यामुळे शेवटचा कप 4 च्या आसपास संपवा आणि हळूहळू अलीकडे आणा, एकदम बंद केलात तर त्याचंच डोकं दुखेल. पण मग रात्रीचा गॅप वाढतो हे लक्षात ठेवून सकाळचा कप रोज त्याच वेळेला हवा, रविवारीसुद्धा. दुसरं अंथरुणात मोबाईल आणि सिरीज. अमेरिकेत कॅलहून आणि फोर्ड यांनी 2007 मध्ये जवळपास रोजच डोकं दुखणाऱ्या मायग्रेनच्या बायकांवर नुसत्या झोपेच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यांना सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या, झोपायची वेळ ठरलेली आणि अंथरुणात आठ तास, अंथरुणात टीव्ही-वाचन-गाणी नाही, पडल्यावर लवकर झोप लागावी म्हणून मनात चित्र आणायची एक पद्धत, रात्रीचं जेवण झोपायच्या चार तास आधी, आणि दुपारची झोप बंद. हे पाळणाऱ्या बऱ्याच जणींची डोकेदुखी खरंच कमी झाली. आपल्याकडे ऑफिसवरून घरी यायलाच आठ-साडेआठ होतात तिथे चार तास जमणार नाहीत, मी अडीच-तीन तास धरते.

लग्न, गणपती, रात्रीचा प्रवास, तेव्हा 2:30 होणारच. त्या दिवशी 8 पर्यंत झोपा, चहा-नाश्ता लगेच करा, आणि दुपारी 1 ते 3 च्या मध्ये वीस मिनिटांचा गजर लावून पडा. दोन तासांची वामकुक्षी मात्र नको, काहींना त्यातूनच उठताना डोकं धरतं आणि रात्रीची झोप जाते ती वेगळीच. कमी झोपही मायग्रेन आणते, त्यामुळे त्या रविवारी दुखलंच तर रुटीन फसलं असं समजून सोडून देऊ नका.

वहीत किंवा फोनवर सहा आठवडे एवढंच लिहा: झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, पहिला चहा, पहिला घास, डोकं कधी सुरू झालं, गोळी घेतली का. उठायच्या वेळेतला फरक तासाभरावर आल्यावर रविवारची दुखणी कमी झाली तर कारण हेच होतं. अजिबात फरक पडला नाही तर दुसरीकडे बघायला हवं. शनिवारी रात्री दारू असते का ते प्रामाणिकपणे लिहा. आणि घरच्यांना विचारा तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकतो का. तसं असेल, उठतानाच दोन्ही बाजूंनी डोकं दाबल्यासारखं दुखत असेल आणि काही तासांत उतरत असेल, दिवसा पेंगत असाल, तर तो स्लीप ॲप्नियाचा प्रकार असू शकतो, त्याची तपासणी वेगळी असते आणि तो रुटीनने जात नाही.

गोळ्यांचं मोजमाप ठेवाच. साधी पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, किंवा ज्यात कॅफिन वगैरे मिसळलेलं असतं अशा कॉम्बिनेशनच्या गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी मागे लागते. तुमचं रविवारचंच आहे म्हणजे तुम्ही त्यापासून लांब आहात, पण सोमवारी ऑफिसला जायचंय म्हणून आधीच एक घेऊन ठेवायची सवय लावू नका.

एकदम क्षणात आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, बोलता न येणं, दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर वही-रुटीन बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सी गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं किंवा आठवड्यागणिक वाढत जाणारं दुखणं असेल तर त्यासाठीही लवकर डॉक्टर हवा. तुमच्यासारख्या ठरलेल्या दुखण्यासाठी फॅमिली डॉक्टर किंवा न्यूरोलॉजिस्टकडे जाताना ती सहा आठवड्यांची वही घेऊन जा, माझ्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधी तीच मागितली होती.