एकत्र कुटुंबात घरखर्च एकत्र आणि बचत स्वतंत्र, हे जमतं का?

प्रश्न: आम्ही एकत्र राहतो, घरात तीन-चार जण कमावते. सगळ्यांचे पगार वडिलांकडे जातात आणि लागेल तसे मागून घ्यायचे. मला दोन-तीन वर्षांत फ्लॅटचं डाउन पेमेंट जमवायचंय, पण विषय काढला की वेगळं व्हायचंय का असं विचारतात. घर न मोडता पैसे वेगळे कसे ठेवायचे?

उत्तर:

जमतं. आमच्याकडे चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सांगलीत सासऱ्यांचं घर, आम्ही नऊ जण, त्यात कमावते पाच. भाऊजींचा हातात येणारा पगार 70,000, जाऊबाई शाळेत आहेत त्यांना 30,000, माझ्या नवऱ्याला 55,000, मी लॅबमध्ये आहे मला 25,000, आणि सासऱ्यांची पेन्शन 20,000. भाऊजींना दोन मुलं, आम्हाला एक.

पहिली गोष्ट म्हणजे पगार एकत्र करायचे नाहीत, खर्च एकत्र करायचा. तुमच्याकडे सगळा पगार आधी आत जातो आणि मग त्यातून स्वतःचे पैसे मागावे लागतात, आणि मागायचं म्हटलं की कारण सांगावं लागतं, कारण सांगितलं की चर्चा होते. उलटं करा. पगार ज्याचा त्याच्या खात्यात, तिथून घरखर्चाच्या खात्यात ठरलेली रक्कम, आणि उरलेल्याचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही.

आता ठरलेली रक्कम म्हणजे किती, सगळी भांडणं इथेच होतात. आमचा महिन्याचा खर्च साधारण 41,500 येतो. किराणा आणि भाजी-फळं हाच त्यातला निम्म्याहून जास्त भाग, बाकी दूध, गॅस, लाईटबिल, कामवाल्या मावशी, वायफाय, आईबाबांची औषधं आणि सासूबाईंचा 2,000 हातखर्च. हा हातखर्च मुद्दाम सांगते, कारण दोन्ही वेळचं स्वयंपाकघर त्या बघतात आणि त्यांना शंभर रुपयांसाठी मुलाकडे हात पसरायला लागू नये एवढं तरी घरखात्याने करायलाच हवं. तुमच्या घरी जी कोणी नोकरी न करता घर सांभाळत असेल तिचीही रक्कम आधीच धरा.

याशिवाय वर्षाचे खर्च असतात, ते लोक हमखास विसरतात. आमच्याकडे आईबाबांच्या मेडिक्लेमचा प्रीमियम 48,000, उन्हाळ्यात भरायचं धान्य आणि तिखट-मसाला 32,000, गणपती आणि दिवाळी मिळून 35,000, लग्नकार्यातले आहेर 15,000, घरपट्टी-पाणीपट्टी 8,000 आणि घराची डागडुजी 12,000. बेरीज दीड लाख, म्हणजे महिन्याला 12,500. हे महिन्याच्या वर्गणीत धरलं नाही तर गणपतीच्या तोंडावर कोणीतरी एकजण 20,000 काढून देतो आणि मग पुढची दोन वर्षं मीच दिले होते हे ऐकावं लागतं. एकूण गरज झाली 54,000.

हे 54,000 पाच जणांत सारखे वाटले तर प्रत्येकी 10,800. ऐकायला बरं वाटतं, पण सासऱ्यांची अर्ध्याहून जास्त पेन्शन त्यात जाते आणि भाऊजींना कळतही नाही. सरळ पगाराच्या प्रमाणात वाटले तर प्रत्येकाचे 27 टक्के जातात. ते बरंय, पण तरी कमी पगारवाल्याला जास्त लागतं, कारण बसभाडं, मोबाईल, डबा, कपडे हे खर्च पगार कमी म्हणून कमी होत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येकाचे पहिले 10,000 सोडून दिले आणि त्याच्या वरच्या रकमेवर टक्के लावले. वरची रक्कम होते 60,000, 20,000, 45,000, 15,000 आणि 10,000, मिळून दीड लाख. त्याचे 36 टक्के म्हणजे बरोबर 54,000. भाऊजी 21,600 देतात, जाऊबाई 7,200, नवरा 16,200, मी 5,400 आणि बाबा 3,600.

यावर लगेच प्रश्न येतो तो माणसांचा, की त्यांचे चौघं जेवतात, आमचे तीनच. आमच्याकडे योगायोगाने दोन्ही बाजूंना माणशी 7,200 च पडले त्यामुळे तो विषय तिथेच संपला, पण तुमच्याकडे असं जुळेलच असं नाही. माझं मत विचाराल तर खाण्यापिण्यात माणसं मोजू नयेत. पाच वर्षांचं पोर आणि आजोबा यांचं जेवण कोण मोजणार, आणि एकदा मोजायला लागलं की पाहुणे कोणाचे इथपर्यंत गाडी जाते. माणसांप्रमाणे मोजायचं ते खात्याच्या बाहेर ठेवा. मुलांची शाळेची फी, क्लास, ज्याच्या त्याच्या गाडीचं पेट्रोल, मोबाईल, हॉटेलिंग, माहेरचे आहेर हे सगळं आमच्याकडे ज्याचं त्याने बघायचं. मेडिक्लेमचंही तसंच, आईबाबांची पॉलिसी वेगळी ठेवलीय, कारण सगळ्यांना मिळून एक फ्लोटर घेतली की प्रीमियम सहसा सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर लागतो.

तुमच्यासाठी महत्त्वाचा नियम पुढचा आहे. स्वतःच्या कर्जाचे हप्ते टक्के काढण्याआधी वजा करायचे नाहीत. नाहीतर जो गाडी घेईल त्याची वर्गणी कमी आणि बाकीच्यांची वाढणार, म्हणजे तुमची गाडी तुमची वहिनी भरणार. तुम्ही उद्या फ्लॅटचा हप्ता सुरू केलात तरी घरचे पैसे तेवढेच द्या, मग कोणालाही बोलायला जागा उरत नाही. अपवाद फक्त आजारपण आणि नोकरी जाणं किंवा बाळंतपणातली बिनपगारी रजा, तेवढे महिने वर्गणी शून्य किंवा जमेल तेवढी, आणि ती मागाहून वसूल करायची नाही. टक्के दरवर्षी एप्रिल-मेमध्ये पगारवाढ कळली की परत काढायचे, मधे नाही.

खात्याचं म्हणाल तर आमचं जॉइंट खातं आहे, सासरे आणि नवरा, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणीही चालवू शकतं आणि एकाचं काही झालं तरी दुसऱ्याचे व्यवहार अडत नाहीत. पहिलं नाव मुद्दाम सासऱ्यांचं ठेवलं. प्रत्येकाच्या बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन आहे, दर महिन्याच्या 3 तारखेला पैसे जातात आणि 5 ला ज्याची त्याची एसआयपी किंवा आरडी कापली जाते, म्हणजे दोन्ही गोष्टी पैसे हातात खेळायच्या आधीच होतात. वार्षिकचे 12,500 तिथून दुसऱ्या एका साध्या सेव्हिंग खात्यात जातात, त्याला कार्डही नाही आणि यूपीआयही नाही, दिसले की खर्च होतात म्हणून. सासूबाई भाजी-दुधाला रोख वापरायच्या, आता नवऱ्याने यूपीआय सर्कलमध्ये त्यांना जोडलंय, त्या स्वतःच्या फोनवरून देतात आणि पैसे घरखात्यातून जातात. त्यात पूर्ण परवानगी दिली तरी एका वेळी 5,000 आणि महिन्याला 15,000 ची मर्यादा असते, ती आमच्या सोयीचीच आहे. प्रत्येक कोथिंबिरीच्या जुडीचा हिशोब आम्ही लिहीत नाही, दर रविवारी फक्त खात्यात किती उरले ते फॅमिली ग्रुपवर टाकतो. 20 तारखेला 10,000 च्या खाली आलं की समजायचं या महिन्यात काहीतरी जास्त झालंय, मग बघायचं काय ते. आणि कोणी स्वतःच्या खिशातून घरासाठी काही आणलं तर त्याच महिन्यात मागून घ्यायचं, महिना संपला की विषय संपला.

आता फ्लॅटबद्दल, दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे भावाच्या किंवा वडिलांच्या लोनला को-अप्लिकंट किंवा गॅरंटर म्हणून सही करताना दहा वेळा विचार करा. हप्ता भाऊच भरत असला तरी ते लोन तुमच्या सिबिल रिपोर्टवर दिसतं, बँक ती जबाबदारी तुमचीही धरते आणि तुमच्या स्वतःच्या होमलोनची रक्कम कमी होऊ शकते. प्रेमापोटी केलेल्या सह्या अशा वेळी नडतात.

दुसरं, साठवलेले पैसे वडिलांच्या घरावर घालून माझी बचत झाली असं समजू नका. हे फार घरांत होतं. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबात धाकट्याने वरचा मजला स्वतःच्या पैशाने चढवला, घर वडिलांच्या नावावर, कागद काहीच नाही. वडील गेल्यावर मजल्यासकट सगळं घर वाटणीला आलं. वडिलांचं स्वकष्टार्जित घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, भाऊ आणि बहिणी सगळ्यांचा सारखा हिस्सा असतो, लग्न झालेल्या बहिणींचाही. तो त्यांचा हक्कच आहे, त्यात वाईट काही नाही, पण मजला बांधला म्हणून धाकट्याच्या नावावर आपोआप काही होत नाही. असा खर्च करायचाच असेल तर वडिलांशी आधी बोला आणि त्यांना मान्य असेल तर मृत्युपत्रात तसं लिहून घ्या. मृत्युपत्र रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच, आणि साक्षीदार म्हणून ज्यांना हिस्सा मिळणारे त्यांना घेऊ नका. नाहीतर डागडुजीपुरतंच घरखात्यातून करा आणि मोठी रक्कम स्वतःच्या नावाच्या जागेसाठी ठेवा.

बारीक गोष्ट टॅक्सची. बायकोला पगार नाही म्हणून तुमच्या पैशाची एफडी तिच्या नावावर केलीत तर त्याचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. सासऱ्यांनी सुनेच्या नावावर केली तरी तेच, व्याज सासऱ्यांच्या उत्पन्नात.

राहिला घरी विषय कसा काढायचा. फ्लॅटपासून सुरुवात करू नका. आधी दोन महिने घरात खरंच किती खर्च होतो ते वडिलांकडून विचारून लिहून काढा, वार्षिकसकट. बहुतेक वेळा तो आकडा वडिलांनाही माहीत नसतो आणि त्यांच्याच डोक्याला तो ताण असतो. मग आकडा समोर ठेवून म्हणा की बाबा, एवढे पैसे दर महिन्याच्या 3 तारखेला तुमच्या नावाच्या खात्यात न मागता येतील, खर्चाचं तुम्हीच बघा. आमच्याकडे सासरे याच वाक्याला तयार झाले, कारण आधी महिनाअखेरीला मुलांना पैसे मागायची वेळ त्यांच्यावर यायची. भावाशी मात्र त्याआधी एकट्याने बोलून घ्या, सगळ्यात जास्त रक्कम त्याच्या वाट्याला येणार असेल तर ते त्याला सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळायला नको.