पेपर अवघड गेल्याच्या रात्री डायरीत काय लिहावं?

प्रश्न: राज्यसेवा पूर्वचा पेपर फार अवघड गेला. आज रात्री डायरीत काय लिहू म्हणजे पुढच्या वेळी उपयोग होईल? की सरळ झोपून घेऊ?

झोपू नका. आजच लिहा, आणि कुठल्याही क्लासची उत्तरतालिका उघडायच्या आधी लिहा. टेलिग्रामवर ती संध्याकाळपासूनच फिरत असते, दोन क्लासच्या दोन तालिका एकमेकींशी जुळत नाहीत, आणि एकदा का उत्तर बघितलं की आपण ते कसं निवडलं होतं हे खरं आठवत नाही. चुकलेला प्रत्येक प्रश्न "अरे, हे तर मला येत होतं" असा वाटायला लागतो. मग वहीत अभ्यास वाढवायचा, रिव्हिजन करायची, मोबाइल बंद करायचा असलं काहीतरी लिहून होतं. ते कुणीही लिहितं, त्यातून काही बदलत नाही.

लिहायचं ते एवढंच: शंभर प्रश्नांपैकी प्रत्येकाचा गोळा काळा करताना मनात काय होतं. प्रश्नपुस्तिका घरी आणलेली असते, उत्तरपत्रिकेची प्रत जवळ असते. पुस्तिका उघडून प्रश्नाच्या आकड्यापुढे एक अक्षर लिहायचं. 'प' म्हणजे पक्कं माहीत होतं, 'द' म्हणजे दोन पर्याय उडवले आणि उरलेल्या दोनात अडकलो, 'अं' म्हणजे निव्वळ अंदाज, 'को' म्हणजे कोरा सोडला. तासाभराचं काम आहे.

मी हे परभणीत दादाच्या खोलीवर बसून केलं होतं. तो पेपरही असाच, विज्ञान आणि अर्थव्यवस्थेनं घाम फोडलेला. जेवण झाल्यावर पुस्तिका घेऊन बसलो तर दादा म्हणाला, "आता काय लिहायलास? झालं ते झालं. मायनसनं घात केला तुझा. पक्के येतात तेवढेच सोडव म्हणलं होतं ना?" दादानं स्वतः आयोगाच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळं घरात त्याचा शब्द शेवटचा. मी काही बोललो नाही. वहीत त्या रात्रीचं असं आहे:

"पहिला तास संपला तेव्हा प्रश्न ४४ वर होतो. शेवटच्या वीस मिनिटांत तीस प्रश्न वाचले. पक्के ४१, दोनातले २७, अंदाज १२, कोरे २०. प्रश्न २३, गोदावरीला उजव्या तीरानं मिळणाऱ्या नद्या. यादीत प्रवरा, सिंदफणा, पूर्णा, मांजरा. पूर्णा डावीकडून येते हे घरचंच, त्यामुळं तिचे दोन्ही पर्याय गेले. उरलं 'प्रवरा, सिंदफणा' की 'प्रवरा, सिंदफणा, मांजरा'. मांजरा खाली कर्नाटक, तेलंगणात जाऊन वळून येते म्हणून घोळ झाला. मग आठवलं की ती बालाघाटात उगवते. बालाघाट गोदावरीच्या दक्षिणेला, नदी पूर्वेला वाहते, म्हणजे दक्षिणेचं पाणी उजवीकडूनच मिळणार. मांजरा धरली. खूण: द. दादा म्हणतो असले सोडून द्यायचे. आयोगाची तालिका आल्यावर बघू."

हा प्रश्न मुद्दाम पूर्ण दिला. 'द' म्हणजे नुसता जुगार नसतो. अर्धी माहिती पक्की असते, उरलेली तर्कानं निघू शकते. त्या रात्री ताजा असलेला तर्क लिहून ठेवला तर पुढं तपासता येतो. आठ दिवसांनी तो आठवत नाही.

पुढं आयोगाची पहिली उत्तरतालिका आली, हरकती झाल्या. अंतिम तालिका लागल्यावरच मी हिशेब मांडला, कारण मधे काही उत्तरं बदलतात, एखादा प्रश्न रद्दही होतो. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीला अर्धा गुण वजा. दोनातल्या २७ पैकी १५ बरोबर, १२ चूक, म्हणजे ३० मिळाले, ६ गेले, २४ उरले. अंदाजाच्या १२ पैकी ३ बरोबर, ९ चूक, दीड गुण हाती. आणि ज्यांच्याकडं कुणी बघतच नाही त्या पक्क्या ४१ मध्ये ८ चूक. त्या आठांचे सोळा गुण मिळाले नाहीत आणि वर चार कापले गेले. वीस गुणांची गळती, आणि ती 'मला येतं' या खान्यात.

एकूण ८७.५ झाले. दादाचं ऐकून फक्त पक्के सोडवले असते तर ६२. निकालात नाव नव्हतं ते खरं, पण मायनसनं घात केला हे खोटं.

मग त्या आठ प्रश्नांवर बसलो. पाच प्रश्न 'अयोग्य विधान ओळखा' किंवा 'कोणते खरे नाही' अशा धर्तीचे, आणि पाचही शेवटच्या वीस मिनिटांतले. विषय येत होता, पण पहिलं खरं विधान दिसलं की गोळा काळा. वहीत वेळ लिहिलेली होती म्हणूनच हे सापडलं. उरलेले तीन खरोखर चुकीचं पाठ केलेले. म्हणजे एकाच खान्यात दोन वेगळे आजार. तीन प्रश्नांसाठी पुस्तक उघडायचं. पाचांसाठी पुस्तकाचा काही उपयोग नाही, तिथं प्रश्न वाचतानाच 'अयोग्य' आणि 'नाही' या शब्दांभोवती पेननं गोल करायचा आणि पहिल्या तासाला प्रश्न ५५ पर्यंत पोचायचं. पुढच्या वेळी मी एवढंच बदललं. सराव पेपरमध्ये गोल केल्याशिवाय पर्यायांकडं बघायचंच नाही अशी सवय लावली. अभ्यासाचे तास वाढवले नाहीत. पूर्व निघाली.

म्हणून "डाउट असेल तर सोडा" असं सरसकट सांगणाऱ्यांचं मला पटत नाही, मग ते अभ्यासिकेतले सीनियर असोत की सख्खा भाऊ. स्वतःच्या 'द' खान्याचा हिशेब कुणाकडं असतो? दहात तीनच बरोबर येत असतील तरी चौथ्या हिश्श्याच्या कपातीत थोडं हातीच लागतं. दोनाच्या खाली गेलात तर मात्र सोडून द्या, कारण मग तुम्ही उडवताय ते पर्यायच बरोबर असतात.

हो, दादाच्या काळी एक तृतीयांश कापायचे हेही सांगायला पाहिजे. तसं धरलं तर माझ्या अंदाजाच्या बारा प्रश्नांत शून्य उरतं, तिथं त्याचं बरोबर. पण दोनातल्या २७ मध्ये तरीही २२ उरतात. हे त्याला कागदावर मांडून दाखवलंय, तो अजून मान्य करत नाही.

आणि हे सगळं पेपर एकचं. सीसॅट आता पात्रतेपुरता, ३३ टक्के पाहिजेत, तिथं एवढी चिरफाड नको. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून तिथं ही अक्षरं चालत नाहीत. तिथं रात्री लिहायचं ते कुठलं उत्तर अर्धवट राहिलं आणि त्याआधीच्या कुठल्या उत्तरावर जास्त वेळ गेला. तुमचा प्रश्न पूर्वचा आहे. पुस्तिका काढा, प्रश्न १ पासून सुरुवात करा.