फ्रेंचमधला त मराठीचाच आहे

प्रश्न : मी नाशिकची, बी.ए. फ्रेंचच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेल्फ बी-टू पास झाले. पुण्यात एका कंपनीत फ्रेंच व्हॉइस प्रोसेससाठी मुलाखत दिली. लेखी चांगलं गेलं, पण फोनवरच्या फेरीनंतर ‘टी, डी, पी फार जड येतात’ असं सांगून थांबवलं. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून मराठीचा असर जात नाही असं सगळे म्हणतात. कॉलेजात इंग्रजीसाठी अमेरिकन अ‍ॅक्सेंटचा कोर्सही केला होता. आता फ्रेंचसाठी पैसे भरून अ‍ॅक्सेंट ट्रेनिंग घेऊ, की अनुवादाकडे वळू? सोबत रेकॉर्डिंग पाठवते आहे.

उत्तर : रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. या तीन व्यंजनांपुरता दोष मराठीचा नाही, इंग्रजीचा आहे. मराठी माध्यमात शिकलीस हा इथे तुझा फायदाच आहे, फक्त तू तो वापरत नाहीस.

आधी नेमकं काय होतंय ते बघ. फ्रेंच टी आणि डी म्हणताना जीभ वरच्या दातांना लागते, आपल्या त आणि द सारखी. इंग्रजीत ती दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्याला लागते. आपण शाळेत इंग्रजी शिकताना त्या आवाजाला जवळचा म्हणून ट आणि ड धरले, आणि टेबल, टॅक्सी, डॉक्टर असे शब्द कायमचे तसेच बसले. आता फ्रेंच पानावर तीच अक्षरं दिसली की तुझी जीभ आपोआप मागे वळते. म्हणून ‘ताब्ल’चं ‘टाब्ल’ होतं, ‘ताक्सी’चं ‘टाक्सी’ होतं. गंमत अशी की इंग्रजीत नसलेले शब्द, जसं ‘तुझूर’ किंवा ‘दमँ’, तू जवळजवळ बरोबर म्हणतेस. बिघडतं ते स्पेलिंग ओळखीचं असलं की.

दुसरी गडबड टी-एचची. मराठी नावं इंग्रजीत लिहिताना आपण थ साठी टी-एच वापरतो, त्यामुळे तू चहाला ‘थे’ आणि नाटकाला ‘थेआत्र’ म्हणालीस. फ्रेंचमध्ये तो एच नुसता शोभेचा आहे. ते, तेआत्र, तोमा, सगळीकडे साधा त.

तिसरी गोष्ट अमेरिकन कोर्समधून आलेली. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, के नंतर हवेचा झोत सुटतो. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून स्वराचा नाद सुरू होईपर्यंतचा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ भाषांची अशी मोजणी होती आणि त्यात मराठीही होती. इंग्रजी टी चा हा वेळ ७० च्या आसपास, मराठी त चा त्याच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी. फ्रेंच टी साधारण २० ते ३० मध्ये असतो, म्हणजे मराठीच्या बाजूला. प-फ, त-थ, क-ख हा फरक तू लहानपणापासून करतेस. इंग्रज विद्यार्थ्याला हा झोत बंद करायला महिने लागतात, तुला फक्त ती नवी सवय टाकून द्यायची आहे. फोनवर तो जास्तच खटकतो, कारण हवा थेट माइकवर आदळते.

आता एक वाक्य घेऊन काम करू : ‘ता ताँत तातां आ तुलूझ’, म्हणजे तुझी मावशी तुलूझला तुझी वाट बघते आहे. कागदावर मूळ फ्रेंच लिही आणि जिथे टी उच्चारला जातो तिथे वर बारीक त लिही. आधी उच्चारला जातो की नाही हे ठरवावं लागेल. ‘तातां’च्या शेवटी डी लिहिलेला आहे, पण मुका, त्यावर खूण नको. अख्खं वाक्य देवनागरीत लिहून वाचू मात्र नकोस. त्याने त सुधारेल आणि स्वर बिघडतील, कारण ‘तु’ (तू) मधला ओठ गोल करून म्हटलेला ई आपल्या लिपीत बसतच नाही.

मग वाक्य हळू म्हण. ‘ताँत’मध्ये एक अडचण येईल आणि ती मात्र खरोखर मराठीची आहे. आपण शांत लिहितो आणि म्हणतो शान्त. अनुस्वारानंतर त आला की मध्ये न शिरतो. त्याच सवयीने तू ‘तान्त’ म्हणालीस, आणि जिथे ट लावलास तिथे चक्क ‘टाण्ट’. आरशासमोर उभी राहा आणि ‘ताँऽऽऽ’ लांबव. तोंड उघडं राहायला हवं आणि जिभेचं टोक खालीच पडून राहायला हवं. ते मध्येच दातांकडे गेलं तर न शिरलाच. शेवटचा त आला की एकदाच वर ने आणि स्पष्ट सोड.

प साठी टिश्यूची पट्टी ओठांपासून दोन बोटं लांब धर. ‘पाणी’ म्हण, पट्टी जेमतेम हलेल. मग ‘पारी’ म्हण. पट्टी जास्त उडाली तर अमेरिकन कोर्स अजून बोलतो आहे. त आणि क साठी ही युक्ती फारशी चालत नाही. त्यासाठी Praat हे मोफत सॉफ्टवेअर घे. रेकॉर्डिंग उघडून शब्द मोठा कर. आधी एक बारीक उभा फटका दिसेल आणि थोड्या अंतराने एकसारख्या लाटा सुरू होतील. मधला भाग सिलेक्ट केलास की वेळ दिसतो. त साठी तो ३० च्या आत असेल तर पुढे जा. क चा थोडा जास्त येतो, तेवढं चालतं.

टी नंतर आर आला, जसं ‘त्रँ’ (रेल्वे) किंवा ‘त्रे’ (खूप), तर सावध राहा. फ्रेंच आर घशातला, आणि त नंतर तो घोगरा, जवळजवळ ख़ सारखा होतो. ऐकताना वाटतं की त नंतर झोत आहे. तो झोत त चा नाही, आर चा आहे. रेकॉर्डिंगमध्ये तू इथे ‘ट्रे’ म्हणालीस, तिथे ‘पत्र’मधल्या त्र पासून सुरुवात कर आणि र मागे घशात ने.

प्रोसेस कॅनडाची असेल तर ग्राहक क्युबेकचे निघू शकतात. तिथे ई आणि त्या ओठगोल ईच्या आधीचा त ‘चोर’मधल्या च सारखा आणि द ‘आवाज’मधल्या ज सारखा ऐकू येतो. आपल्या कानाला हे लगेच पकडता येतं. तसं बोलायची गरज नाही, ओळखता आलं की पुरे.

ट म्हटल्याने किंवा झोत सोडल्याने फ्रेंचमध्ये शब्दाचा अर्थ बदलत नाही, कारण त्या भाषेत ट आणि थ वेगळे नाहीतच. ग्राहकाला कळतं, फक्त कानाला खटकतं. गैरसमज होतो तो स्वरांमुळे. ‘वर’ आणि ‘खाली’ यासाठीच्या फ्रेंच शब्दांत फक्त शेवटच्या स्वराचा फरक आहे आणि तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही एकच ऐकू येतात. त आटोक्यात आला की लगेच तिकडे वळ.

अनुवाद आवडत असेल तर जरूर कर, ट च्या भीतीने करू नकोस. ट्रेनिंगसाठी पैसे भरायचेच असतील तर आधी एक डेमो तास माग आणि ट्रेनरला ‘ते’ आणि ‘ताब्ल’ची स्पेलिंगं दाखवून वाचायला सांग. त्यांची जीभ दातांना लागत नसेल तर फी भरू नकोस.